दुधाची कोल्ड रूम, दाराचं रबर आणि दहावीचा ‘उष्णता’ हा धडा



दहावीच्या विज्ञान भाग १ मधल्या ‘उष्णता’ या धड्यात आर्द्रता, दवबिंदू आणि अप्रकट उष्मा हे तीन मुद्दे येतात. मुलं व्याख्या पाठ करतात, गणितंही सोडवतात. पण ‘हवेतल्या बाष्पामुळे कुणाचं कधी नुकसान झालंय का?’ असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. गेल्या पावसाळ्यात या प्रश्नाचं उत्तर आम्हाला राधानगरीतल्याच एका दूध डेअरीत सापडलं. तो अनुभव आणि त्यावर बेतलेला पाठ इथे देत आहे.

काय झालं होतं?

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचं दूध, दही आणि पनीर विक्रीचं दुकान आहे. दुकानामागे आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी माणूस आत जाईल एवढी कोल्ड रूम आहे. उन्हाळाभर ती नीट चालली. जुलैत मात्र बाहेर गारठा असूनही आतलं तापमान ८ अंशांवर जाऊ लागलं. दुधाच्या पिशव्या तारखेआधीच नासायला लागल्या, गिऱ्हाइकं परत आणून देऊ लागली. त्यांनी थर्मोस्टॅट ३ वरून १ वर आणला, मग उणे १ वर. तापमान उतरायच्या ऐवजी आणखी चढलं. कुणीतरी सांगितलं, गॅस कमी झालाय, भरून घ्या. तो खर्च करण्याआधी मुलगा शाळेत येऊन म्हणाला, “सर, बाहेर एवढं थंड, आत मशीन दिवसभर चालू, तरी दूध गरम कसं?”

प्रश्न इतका चांगला होता की चार मुलांना घेऊन मी थेट दुकानातच गेलो.

आधी यंत्र समजून घेऊ

खोलीच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेले जाड पॅनेल. आत छताजवळ पंखे लावलेली जाळी असते, ती इव्हॅपोरेटर. बाहेर कॉम्प्रेसर, दुसरी जाळी आणि पंखा एकत्र बसवलेले असतात, ते कंडेन्सिंग युनिट. आतल्या जाळीत द्रव रेफ्रिजरंटची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ते खोलीतून घेते. बाहेरच्या जाळीत त्याच वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि ती उष्णता बाहेरच्या हवेत जाते. अप्रकट उष्मा म्हणतात तो हाच, पुस्तकात बर्फाच्या तुकड्यावर शिकवलेला.

थर्मोस्टॅट समजावायला आपल्या धरणाचा दाखला घ्या. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कोल्ड रूमचंही तसंच आहे. आकडा ३ वर आणि फरक २ अंशांचा ठेवला, तर खोली ५ अंशांवर गेली की कॉम्प्रेसर सुरू होतो आणि ३ वर आली की बंद पडतो.

इथेच बहुतेकांची गफलत होते. आकडा खाली केला म्हणजे मशीन जास्त जोर लावतं, असं आपल्याला वाटतं. या साध्या कॉम्प्रेसरला जोर कमी-जास्त करता येत नाही. तो एक तर चालू असतो, नाही तर बंद. आकडा खाली केल्याने तो फक्त उशिरा थांबतो. आणि त्याचं थांबणं किती गरजेचं आहे, ते आता पाहू.

थांबणं का हवं?

खोलीची हवा ३ ते ५ अंशांवर ठेवायची, तर आतली जाळी त्याहून बरीच थंड, म्हणजे शून्याच्याही खाली असावी लागते. त्यामुळे हवेतलं बाष्प तिच्यावर बर्फ होऊन बसतं. हे चुकत नाही आणि त्यात बिघाड काही नाही. कॉम्प्रेसर थांबला तरी आतले पंखे फिरत राहतात. खोलीची ४-५ अंशांची हवा जाळीवरून जाते, बर्फ वितळतो आणि पाणी नळीवाटे बाहेर जातं. म्हणजे प्रत्येक विश्रांतीत जाळी स्वतःला धुऊन घेते.

आता आकडा उणे १ वर नेला तर? खोली तिथवर पोचतच नाही, म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही. तो थांबत नाही म्हणून बर्फ वितळत नाही. बर्फ वाढत जाऊन जाळीच्या फटी बुजवतो, हवा आरपार जात नाही, आणि पंखे फिरूनही खोली तापते. दुकानात आम्ही वर पाहिलं, तर जाळीच्या जागी पांढरी भिंतच उभी होती.

एवढं बाष्प आलं कुठून?

इथे फळ्यावर गणित मांडा. जुलैत आपल्याकडे हवा साधारण २५ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के धरू. २५ अंशांना संपृक्त हवेच्या एका घनमीटरात सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावतं. त्याचे ९० टक्के म्हणजे जवळजवळ २१ ग्रॅम. कोल्ड रूममध्ये ४ अंशांना मावतं फक्त ६ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाहेरची एक घनमीटर हवा आत शिरली की साधारण १५ ग्रॅम पाणी आत सोडते.

खोलीचं घनफळ ५१२ घनफूट, म्हणजे सुमारे साडेचौदा घनमीटर. आतली सगळी हवा एकदा बदलली, तर १५ गुणिले १४.५ म्हणजे जवळजवळ २१८ ग्रॅम. एक पेलाभर पाणी! दिवसात हवा वीस वेळा बदलली तर चार लिटरांवर. ते सगळं बर्फ होऊन जाळीवर बसणार.

मग मुलांना विचारा, उन्हाळ्यात हे का झालं नाही? ३५ अंश आणि ३० टक्के आर्द्रता घेऊन करायला लावा. संपृक्त हवेत सुमारे ४० ग्रॅम, त्याचे ३० टक्के म्हणजे १२. आत राहतात फक्त ६ ग्रॅम. हवा गरम, पण बाष्प कमी. म्हणजे बर्फाच्या बाबतीत या खोलीला आपला पावसाळाच जड जातो. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं.

कागदाची चाचणी

उरलेलं अर्धं उत्तर दारात होतं. दाराच्या कडेला मऊ रबरी पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. अशा बऱ्याच पट्ट्यांत आत चुंबक असतो, त्यामुळे दार चौकटीला चिकटून बसतं. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी दारात धरून दार लावायचं आणि कागद हळूच ओढायचा. अडखळत आला तर रबर ठीक. सरकन निघाला तर तिथे फट आहे. आम्ही चारही बाजूंना बारा ठिकाणी पाहिलं. दहा ठिकाणी कागद अडला. खालच्या एका कोपऱ्यात दोन ठिकाणी तो नुसता गळून पडला. दुधाचे क्रेट आत ओढताना रोज त्याच कोपऱ्याला घासत होते. रबर चेपलं होतं आणि एका जागी फाटलंही होतं.

खालची फट फार वाईट. थंड हवा जड असते, ती खालून बाहेर वाहते आणि तेवढीच दमट हवा वरच्या बारीक सारीक फटींतून आत ओढली जाते. आतले पंखे बंद करून खालच्या फटीशी उदबत्ती धरली, तर धूर बाहेरच्या बाजूला ढकलला जाताना दिसतो.

गॅस कमी की बर्फ जास्त?

हा फरक पालकांनी, विशेषतः दुकानदार पालकांनी, लक्षात ठेवावा. फटीमुळे आलेला बर्फ बहुधा पूर्ण जाळीवर बसतो आणि तो पूर्ण वितळवला की खोली पुन्हा छान थंड होते. काही दिवसांनी तक्रार परत येते. गॅस कमी असेल तर बर्फ बहुधा जाळीच्या एखाद्याच भागात, नळी आत येते त्या बाजूला दिसतो, आणि वितळवूनही थंडावा नीट येत नाही. म्हणून आधी बर्फ वितळवा, मग निदान करा. गॅस आणि विजेचं काम मात्र कारागिराचंच.

दुरुस्ती कशी झाली?

दूध दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवलं. कारागिराकडून कॉम्प्रेसर बंद आणि पंखे चालू ठेवून घेतले. बर्फ पूर्ण उतरायला पाच तास लागले. चाकूने किंवा स्क्रूड्रायव्हरने तो खरवडायचा नाही. जाळीला भोक पडलं तर खरोखरच गॅस जातो. पाणी जायची नळी साईने तुंबली होती, ती कोमट पाण्याने मोकळी केली. थर्मोस्टॅट परत ३ वर आणला आणि फाटलेलं गॅस्केट बदललं.

बाहेरही एक चूक सापडली. पाऊस लागू नये म्हणून कंडेन्सिंग युनिटला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला होता. जी उष्णता बाहेर टाकायची तिचीच वाट अडवलेली! कागद काढून वर पत्रा टाकला, चारही बाजू मोकळ्या ठेवल्या आणि जाळीवरची धूळ, वीज बंद करून, मऊ ब्रशने झाडली.

मुलांनी आधी आणि नंतर एकेक तास घड्याळ लावून बसून नोंद केली. आधी कॉम्प्रेसर ६० पैकी ६० मिनिटं चालू होता. दुरुस्तीनंतर तिसऱ्या दिवशी ३६ मिनिटं चालू आणि २४ मिनिटं बंद. मीटर न बघताही विजेचा फरक मुलांना कळला.

रबराची निगा

आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि थोडा साबण घेऊन मऊ फडक्याने पुसा. घड्यांमध्ये दूध साचून बुरशी येते आणि रबर चिकट होतं. तिथे जुना टूथब्रश वापरा आणि मग कोरडं करा. रॉकेल, थिनर किंवा गोडेतेल लावू नका, रबर कडक पडतं. नुसतं चेपलेलं रबर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेकलं की बरेचदा फुगून जागेवर येतं. फाटलेलं मात्र बदलावंच लागतं. रबर चांगलं असूनही कागद सुटत असेल तर बिजागरी उतरली आहे का पाहा.

वर्गात घेताना

कोल्ड रूम नसली तरी अडत नाही. घरच्या फ्रीजच्या दारावर कागदाची चाचणी मुलांना बारा जागी करायला सांगा आणि फट सापडली तर जागा चित्रात दाखवायला सांगा. दुकानात नेणार असाल तर मोठं माणूस बाहेर उभं असल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका. दार आतून उघडायची कडी सर्वात आधी दाखवा आणि प्रत्येकाला एकदा उघडून बघू द्या.

स्वाध्याय

१. बाहेरची हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटरामागे आत किती पाणी राहील?
२. थर्मोस्टॅट ५ वर आणि फरक २ अंशांचा ठेवला, तर कॉम्प्रेसर कधी सुरू होईल, कधी थांबेल? दूध ५ अंशांच्या आत ठेवायचं असेल तर हे चालेल का?
३. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतले पंखेही बंद ठेवले, तर जाळीवरच्या बर्फाचं काय होईल?

तिसऱ्या प्रश्नावर मुलांना भांडू द्या. आमच्याकडे अख्खा तास त्यातच गेला, आणि धडा खरा कळला तो तेव्हाच.