पायांची सूज आणि पाण्याची गोळी

पाय सुजले म्हणजे अंगात पाणी झालं, आणि पाणी झालं म्हणजे ते लघवीवाटे काढायचं, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. याच समजापायी माझी आत्या एका सकाळी ओट्यापाशी कोसळली आणि तिचं मनगट मोडलं. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. केशवाहिनीतून पाणी बाहेर का येतं आणि परत कसं जातं, हे दरवर्षी फळ्यावर मांडते. आत्याची फाइल वाचताना त्या मांडणीतला एकेक आकडा तिच्या घोट्यापाशी दिसत होता. तिच्यासारखी औषधांची चिठ्ठी घरोघरी असते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आत्या सांगलीची, सत्तरीच्या पुढची. रक्तदाबासाठी ती अनेक वर्षं अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम घ्यायची. दाब वाढलेला दिसू लागला म्हणून गोळी 10 मिलिग्रॅमची झाली. पुढच्या काही आठवड्यांत दोन्ही घोट्यांभोवती सूज यायला लागली. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. चपलेचा पट्टा रुतायचा, बोटानं दाबलं की खळगा पडायचा. फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅम, म्हणजे ज्याला सगळे पाण्याची गोळी म्हणतात, ती सुरू झाली. सूज फारशी हटली नाही, तेव्हा सकाळची एक गोळी होती तिथे दुपारची दुसरी आली. घरच्यांनी मीठ तोडलं. अंगात प्रथिनं कमी असतील म्हणून कुणी प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला.

फोनवर ती म्हणायची, “अगं, सारखी लघवीला पळतेय, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पण पाय आहेत तसेच.”

पडल्यावर रुग्णालयात तपासलं तेव्हा आडवं असताना तिचा वरचा दाब 136 होता आणि उभं केल्यावर 104. रक्तातलं पोटॅशियम 2.9, म्हणजे नेहमीच्या 3.5 च्या मर्यादेपेक्षा बरंच खाली. रक्तातलं पाणी एवढं आटलेलं आणि पावलं मात्र सुजलेलीच. हा विरोध समजून घ्यायचा तर केशवाहिनीपर्यंत जावं लागतं.

अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञानं 1896 साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यानं कुत्र्याच्या मागच्या पायाच्या ऊतींत मिठाचं सौम्य द्रावण टोचलं, त्या पायातून रक्त फिरवलं आणि टोचलेलं द्रावण रक्तात शोषलं जातं हे दाखवलं. त्याची कारणमीमांसा अशी, की केशवाहिनीतल्या रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं पाण्याला आत धरून ठेवतात. या प्रथिनांच्या ओढीला ऑन्कॉटिक दाब म्हणतात आणि तिचा मोठा वाटा अल्ब्युमिनचा असतो.

पाठ्यपुस्तकांतले सरासरी आकडे घेतले तर हिशेब असा लागतो. केशवाहिनीतला रक्ताचा दाब पाऱ्याच्या साधारण 17.3 मिलिमीटर, तो पाणी बाहेर ढकलतो. बाहेरच्या ऊतींत दाब शून्याच्याही थोडा खाली असतो, त्यामुळे तिकडून 3 मिलिमीटरची ओढ. ऊतींतल्या द्रवात थोडी प्रथिनं असतात, त्यांची ओढ 8. बाहेर नेणारं बळ झालं 28.3. आत धरून ठेवणारी रक्तातल्या प्रथिनांची ओढ 28. फरक फक्त 0.3 मिलिमीटरचा. एवढ्याशा फरकानं जे पाणी सतत बाहेर झिरपतं ते लसीकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या मुळाशी पुन्हा रक्तात सोडतात.

जुन्या पुस्तकांत केशवाहिनीच्या शिरेकडच्या टोकाला बरंचसं पाणी परत शोषलं जातं असं लिहिलेलं असे. आता आपल्याला माहीत आहे की बहुतेक ऊतींत असं शोषण फार वेळ टिकत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला शर्करा आणि प्रथिनांचा एक तलम थर असतो, खरी ओढाताण त्या थराच्या दोन बाजूंना चालते, आणि बाहेर आलेलं पाणी परत नेण्याचा मुख्य मार्ग लसीकेचाच आहे. आतड्याच्या अस्तरात आणि मूत्रपिंडात मात्र सततचं शोषण होतं.

एवढा नाजूक तोल असूनही आपण रोज सुजत नाही, कारण शरीराकडे राखीव बळ आहे. ऊती सुरुवातीला ताणायला कठीण असतात. पाणी वाढलं की लसीकेचा प्रवाह कितीतरी पट वाढतो. शिवाय त्या वाढत्या प्रवाहाबरोबर ऊतींतली प्रथिनं धुऊन निघतात, म्हणजे बाहेरची ओढ आपोआप घटते. तिन्ही मिळून सुमारे 17 मिलिमीटरचा आडोसा होतो. केशवाहिनीतला दाब जवळजवळ दुप्पट होईपर्यंत सूज दिसत नाही, ती या आडोशामुळे. म्हणून डोळ्यांना दिसणारी सूज कधीच किरकोळ म्हणून सोडू नये, आणि तिचं कारण न शोधता औषधही देऊ नये.

कारणं मुळात चारच ठिकाणी असतात. हृदय थकलं किंवा शिरेत गुठळी झाली की रक्त पुढे सरकत नाही आणि केशवाहिनीत मागून दाब चढतो. मूत्रपिंडातून प्रथिनं गळाली किंवा यकृत ती बनवेनासं झालं की आतली ओढ घटते. भाजल्यावर किंवा जंतुसंसर्गात भिंतच सच्छिद्र होते. आणि लसीकेचा मार्ग बुजला की बाहेरचं पाणी आणि प्रथिनं तिथेच साचतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा हत्तीपाय हा याचा आपल्या ओळखीचा दाखला, आणि त्यात पुढे पुढे बोटानं दाबूनही खळगा पडत नाही, कारण ऊतीच घट्ट होतात.

आत्याचं अल्ब्युमिन 4.1 होतं, म्हणजे आतली ओढ शाबूत, आणि प्रोटीन पावडरचा काही संबंध नव्हता. लघवीत प्रथिनं नव्हती. हृदयाची सोनोग्राफी चांगली होती, दम लागत नव्हता, मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. सूज आली त्या काळात वजनही वाढलं नव्हतं. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. हृदय किंवा मूत्रपिंडामुळे सर्वांगावर सूज येते तेव्हा शरीरात काही लिटर पाणी खरोखर जादा साठलेलं असतं, आणि काट्यावर ते किलोंत दिसतं. आत्याच्या अंगात असा जादा साठा नव्हताच. पाणी होतं तेवढंच होतं, ते फक्त चुकीच्या जागी उतरत होतं.

ते का उतरत होतं, याचं उत्तर अॅम्लोडिपिनच्या कामातच आहे. धमनीतला सरासरी 100 च्या आसपासचा दाब केशवाहिनीच्या सुरुवातीपर्यंत पोचताना तिसाच्या घरात येतो, कारण मधल्या बारीक धमनिका आवळून धरतात. अॅम्लोडिपिन याच धमनिका सैल करतं, म्हणून दंडावरचा रक्तदाब उतरतो. पण केशवाहिनीच्या पुढच्या बाजूच्या बारीक शिरा ते तितक्या सैल करत नाही. उसाच्या रानात पाटाचं दारं पूर्ण उघडलं आणि पुढचा चर मात्र आहे तेवढाच ठेवला, तर पाणी बांधावरून फुटतं, तसं हे. धमनीतला जास्त दाब केशवाहिनीपर्यंत पोचतो आणि पाणी झिरपतं.

पावलांवरच का, याचंही कारण आहे. आपण स्तब्ध उभे असतो तेव्हा हृदयापासून खालपर्यंतच्या रक्ताच्या भारामुळे पावलातल्या शिरेत 90 मिलिमीटरपर्यंत दाब जातो. चालायला लागलं की पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळतात आणि तो 25 च्या आसपास येतो. शिवाय उभं राहताच पायातल्या धमनिका आपोआप आवळतात, म्हणजे वरून येणारा दाब तरी केशवाहिनीवर कमी पडावा. अॅम्लोडिपिन हेच आवळणं दुबळं करतं. ओट्यापाशी तासन् तास उभ्या राहणाऱ्या, फारसं चालणं नसलेल्या बाईला म्हणूनच संध्याकाळी सूज येते. ही सूज मात्रेबरोबर वाढते, 5 पेक्षा 10 मिलिग्रॅमला बरीच जास्त दिसते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक.

आता पाण्याच्या गोळीकडे पाहा. फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातून मीठ आणि पाणी बाहेर काढतं, म्हणजे आधी रक्तातून काढतं. हृदय थकलेल्या माणसात रक्ताचं आकारमान वाढलेलं असतं, ते उतरलं की शिरांतला दाब उतरतो आणि सूज खरंच ओसरते. तिथे ही गोळी माणसाला जगवते. आत्याच्या शरीरात उतरवण्यासारखं काही नव्हतं. धमनिका उघड्याच राहिल्या, घोट्यात पाणी झिरपत राहिलं, आणि रक्त मात्र आटलं. अंधारी त्यानं आली, आणि लघवीवाटे पोटॅशियम गेल्यानं पोटऱ्यांत गोळे आले. एका औषधाच्या परिणामाला नवा आजार समजून दुसरं औषध जोडलं गेलं, आणि दुसऱ्यानं हाड मोडलं.

तिच्या नव्या डॉक्टरांनी फ्युरोसेमाइड बंद केलं, पोटॅशियम भरून काढलं, अॅम्लोडिपिन पुन्हा 5 वर आणलं आणि टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम जोडलं. या जोडीला कारण आहे. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी औषधं पुढच्या बाजूच्या शिराही सैल करतात, त्यामुळे केशवाहिनीतला तुंबलेला दाब उतरतो. सूज लगेच गेली नाही. अॅम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे फरक दिसायला एक-दोन आठवडे द्यावे लागतात. दोन दिवसांत पाय तसेच दिसले म्हणून निदान चुकलं असं धरू नये. टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवू शकतं, म्हणून सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावं लागतं. आत्याचं दोन्ही ठीक आलं, आणि दाब 134 वर राहिला.

घरात कुणाचे पाय सुजले तर डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि कुठली गोळी कधी सुरू झाली किंवा कधी वाढली ते कागदावर लिहून न्या. सूज त्यानंतर काही आठवड्यांत आली असेल तर ते स्वतःहून सांगा. अॅम्लोडिपिनखेरीज नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या, मधुमेहाचं पायोग्लिटाझोन, मज्जातंतूंच्या दुखण्याचं प्रीगॅबालिन यांनीही पाय सुजतात, पण प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पायोग्लिटाझोन शरीरात खरोखर मीठ-पाणी साठवतं आणि थकलेल्या हृदयाला ते धोक्याचं ठरतं. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून ते लिहून ठेवलंत तर साठा वाढतोय की नाही हे डॉक्टरांना लगेच कळेल. हे वाचून रक्तदाबाची गोळी मनानं बंद मात्र करू नका. ती अचानक सुटून दाब वर गेला तर मेंदूला धोका आहे. पाण्याची गोळी लिहून मिळाली तर ती नेमकी कशासाठी आहे हे विचारा, आणि सुरू झाल्यावर सोडियम-पोटॅशियम कधी तपासायचं तेही विचारून घ्या.

आणि एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, किंवा सुजेबरोबर दम लागून रात्री आडवं झोपवेना, तर यातलं काहीही ताडून पाहत बसू नका. पहिल्यात शिरेत गुठळी असू शकते, दुसऱ्यात फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांतून पाणी झिरपत असतं. दोन्हींसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.