बटणावरील मराठी शब्द : क्रियापदाची जागा आणि फॉन्टचा आकार

मागील भागात आपण संगणकीय आज्ञांच्या अनुवादाचा विचार केला. अनुवाद अचूक असूनही तो पडद्यावर मावला नाही तर काय घडते, हे आता पाहू.

ज्या बटणाची रुंदी Save या शब्दाच्या मापाने ठरवली आहे, असे एक बटण घ्या. त्याची रुंदी ६४ पिक्सेल आहे. दोन्ही बाजूंना १६ पिक्सेलची मोकळी जागा सोडली, तर शब्दासाठी ३२ पिक्सेल उरतात. १४ पिक्सेल आकाराच्या फॉन्टमध्ये Save तेवढ्या जागेत जेमतेम बसतो. ‘जतन करा’ या शब्दांना मात्र त्याच आकारात साधारण ५० पिक्सेल लागतात. फॉन्टनुसार हा आकडा थोडा कमीअधिक होईल. हे शब्द ३२ पिक्सेलमध्ये कोंबायचे, तर अक्षरांचा आकार १४ वरून ९ पर्यंत खाली आणावा लागेल.

येथे लिपीचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, तर अक्षराच्या पायाशी उकार येतात. या तीन मजल्यांना एकाच उंचीत जागा द्यायची असल्यामुळे मधल्या अक्षराच्या वाट्याला मुळातच कमी उंची येते. म्हणून रोमन अक्षरे ज्या आकारात सुखाने वाचता येतात, त्याच आकारात देवनागरी बारीक वाटते. ती ९ पिक्सेलवर आणली, की ‘बंद करा’मधील अनुस्वार शिरोरेखेला चिकटतो आणि ‘सुरू करा’मधील ऱ्हस्व-दीर्घ उकार एकसारखे दिसू लागतात. बटणाची उंचीही इंग्रजी शब्दाला घट्ट बसवलेली असेल, तर उकार खालून छाटला जातो आणि ‘पुन्हा’चे ‘पन्हा’ होते. तपासणीसाठी म्हणूनच ‘जतन’सारखा सपाट शब्द निवडू नये, वरखाली चिन्हे असलेला शब्द घ्यावा.

फॉन्ट लहान न करता मजकूर कापून पुढे तीन टिंबे देणे, हा दुसरा प्रचलित मार्ग. तो मराठीत अधिक घातक ठरतो आणि त्याचे कारण वाक्यरचनेत आहे. Submit application आणि Cancel application हे शब्द कापले, तरी Submit आणि Cancel शिल्लक राहतात, कारण इंग्रजी आज्ञार्थात क्रियापद आधी येते. मराठीत ते शेवटी येते. ‘अर्ज सादर करा’ आणि ‘अर्ज रद्द करा’ ही दोन्ही बटणे कापल्यावर ‘अर्ज…’ एवढेच उरते. शेजारी शेजारी असलेल्या या दोन बटणांपैकी भरलेला अर्ज कोणते पाठवील आणि कोणते नाहीसा करील, हे वापरणाऱ्याला कळण्याचा मार्गच राहत नाही.

मग जागा वाचवावी कशी? पडद्याच्या शीर्षस्थानी ‘प्रवेश अर्ज’ असे लिहिलेले असेल, तर बटणावर ‘अर्ज’ हा शब्द पुन्हा नको. ‘सादर करा’ आणि ‘रद्द करा’ पुरे. अनेकांना ‘करा’ गाळण्याचा मोह होतो. ‘जतन’ एवढ्याने एक वेळ निभावेल, पण ‘रद्द’ हे विशेषण आहे. बटणावर नुसते ‘रद्द’ दिसले, तर ती आज्ञा नसून अर्ज रद्द झाल्याची सूचना वाटू शकते. ‘करा’ गाळायचे की नाही, हे त्यामुळे आधीचा शब्द पाहूनच ठरवावे. त्याहून चांगला उपाय भाषेतच आहे. मराठीतील पुष्कळ संगणकीय आज्ञा संस्कृत नाम किंवा विशेषण आणि ‘करा’ अशा जोडणीने लांबल्या आहेत. ‘प्रेषित करा’ऐवजी ‘पाठवा’, ‘मुद्रित करा’ऐवजी ‘छापा’, ‘शोध करा’ऐवजी ‘शोधा’ अशी एकेरी क्रियापदे घेतली, तर लांबी घटते आणि अर्थही ठळक होतो. जेथे असा सोयीचा पर्याय सापडत नाही, तेथे बटणानेच रुंद व्हायला हवे. रुंदी ठाम न ठेवता किमान ६४ ठेवावी आणि उंची मजकुराप्रमाणे वाढू द्यावी. एवढेही शक्य नसेल, तर शब्द दोन ओळींत मोडावेत. फॉन्टला सर्वांत शेवटी हात लावावा.

अनुवादकाला कित्येकदा ‘आठ अक्षरांच्या आत’ अशी मर्यादा घालून दिली जाते. हे मापही फसवे आहे. ‘सेटिंग्ज’मध्ये वाचकाला तीन अक्षरे दिसतात; संगणक मात्र मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सुटे मोजून आठ चिन्हे धरतो. Settingsची चिन्हेही आठच, परंतु दोन्ही शब्दांची पडद्यावरील रुंदी सारखी नसते. तेव्हा मर्यादा चिन्हांत न मागता पिक्सेलमध्ये मागावी आणि शब्द प्रत्यक्ष बटणावर ठेवून पाहावा.

स्वाध्याय : आपल्या मोबाइलची भाषा मराठी करा. कापली गेलेली तीन बटणे शोधून प्रत्येकात क्रियापद उरले आहे का, ते नोंदवा. नंतर फॉन्टचा आकार न बदलता त्यांतील एक बटण नव्या शब्दांत लिहा.