कारखान्याचे वीजबिल : मीटरच्या आकड्यापासून रुपयांपर्यंत

मीटरच्या या महिन्याच्या आकड्यातून मागील महिन्याचा आकडा वजा केला, की घरात खर्च झालेली वीज युनिटांत कळते. एक किलोवॅट शक्तीचे यंत्र तासभर चालले असता जेवढी वीज लागते, तिला एक युनिट म्हणतात. कारखान्यात मात्र केवळ वजाबाकीने नेहमीच भागत नाही.

समजा, एका लेथ-कारखान्याच्या मीटरवर १ मार्चला ४,२३६ आणि १ एप्रिलला ४,४११ हे आकडे आढळले. फरक १७५. महिन्यात कारखाना २०० तास चालला. १७५ ला २०० ने भागल्यास सरासरी शक्ती ०.८७५ किलोवॅट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीहूनही कमी येते. येथे तर ३० अश्वशक्तीच्या मोटारी आहेत ! अर्थात हिशेबात काही राहून गेले आहे.

मोठा प्रवाह थेट मीटरमधून जाऊ देत नाहीत. मुख्य तारांवर धारा-रोहित्रे बसवितात. कारागीर त्यांना ‘सीटी’ म्हणतात. त्यांवर १००/५ असे लिहिले असेल, तर मुख्य तारेत १०० अँपिअर वाहत असता मीटरला केवळ ५ अँपिअर मिळतात, म्हणजे विसावा भाग. म्हणून १७५ ला २० ने गुणावे : ३,५०० युनिटे. आता सरासरी १७.५ किलोवॅट येते व ती ३० अश्वशक्तीला, म्हणजे सुमारे २२ किलोवॅटला, शोभते. मात्र मीटरच्या पट्टीवरही १००/५ असेच कोरलेले असेल, तर बहुधा हा गुणाकार मीटरनेच केलेला असतो. तेव्हा दोन्ही पट्ट्या वाचल्यावाचून गुणू नये.

आता दर. ते राज्याराज्यांत भिन्न असतात, आणि कित्येक ठिकाणी उद्योगांना टप्पे नसून एकच दर असतो. उदाहरणापुरते असे मानू, की मासिक पहिल्या ५०० युनिटांस ५ रुपये, पुढील १,००० युनिटांस ६ रुपये व त्यापुढील युनिटांस ७ रुपये दर आहे. प्रत्येक दर आपापल्या टप्प्यातील युनिटांनाच लागतो :

५०० × ५ = २,५००
१,००० × ६ = ६,०००
२,००० × ७ = १४,०००

एकूण २२,५०० रुपये. सर्वच युनिटांस ७ रुपये लावणारा २४,५०० रुपये मांडील; ही चूक फार आढळते.

दुसरी चूक सहजी दिसत नाही. एप्रिलचा आकडा कोणी टिपलाच नाही आणि मेमध्ये दोन महिन्यांची ७,००० युनिटे एकदम धरली, तर स्वस्त टप्पे एकदाच मिळून ४७,००० रुपये होतात. टप्पे मासिक असल्याने दोन महिन्यांसाठी ते दुप्पट, १,००० व २,००० युनिटांचे, धरावयास हवेत. मग रक्कम ४५,००० येते. म्हणून बिल हाती येताच प्रथम दोन आकड्यांच्या तारखा पाहाव्यात. स्थिर आकार व वीजशुल्क यांची बेरीज त्यानंतरची.