अर्ज नको, विषय लिहा : दोनशे अक्षरांत ओळखीची विनंती

(परभणी जिल्ह्यातून परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेल्यांसाठी, तिकडे स्थिरावलेल्या घरांनी सांगितलेल्या गोष्टींतून)

परदेशात पोचल्यावर ओळखी काढाव्या लागतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा लिंक्डइनवर निघतात. तिथं अनोळखी माणसाला जोडणीची विनंती पाठवताना सोबत एक छोटी चिठ्ठी जोडता येते. फुकटच्या खात्यावर ही चिठ्ठी सध्या २०० अक्षरांची असते, पैसे भरून घेतलेल्या खात्यावर ३०० अक्षरांची. शिवाय फुकटच्या खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात. एक वाया गेली की ती गेलीच.

आम्ही वेगवेगळ्या देशांतल्या घरांना विचारलं की अशा चिठ्ठ्या तुम्हाला येतात तेव्हा काय होतं. बहुतेकांचं उत्तर सारखंच निघालं. चिठ्ठी आपल्याकडच्या मुलाची आहे हे लगेच कळतं, ती नम्र असते, शुद्ध असते, पण त्याला आपल्याकडून काय हवंय ते शेवटपर्यंत कळत नाही. एक काकू म्हणाल्या, "वाक्य अर्ध्यावर तुटलेलं असतं. मी मनातल्या मनात पुढचं 'ही नम्र विनंती' पुरं करते."

काकूंच्या या वाक्यात सगळं दुखणं आहे. आपण शाळेत अर्ज लिहायला शिकलो. आधी महोदय, मग मी कोण, कुठला, काय शिकतो, मग अडचण काय, आणि अगदी शेवटच्या ओळीत मागणं. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसणारे अर्ज लिहून देतात तेही याच क्रमाने. कागदाला खालची कड असते, पण ती कुणाला आडवी येत नाही. इथं मात्र चौकट दोनशेव्या अक्षराला बंद होते, आणि मजकूर शेवटाकडून कापला जातो. म्हणजे नेमकं मागणंच कापलं जातं.

गंमत अशी की त्याच अर्जात वर एक ओळ असते, जिच्याकडे आपण कधी नीट पाहिलेलं नसतं. 'विषय : शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.' मागणं तिथं सगळ्यात आधी आणि चार-पाच शब्दांत येऊन गेलेलं असतं. लिंक्डइनच्या चिठ्ठीत अर्ज लिहायचा नाही, हा विषय लिहायचा, आणि तोही प्रश्नाच्या रूपात.

एक उदाहरण पूर्ण पाहू. जिंतूर तालुक्यातला एक मुलगा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या फूड टेक कॉलेजातून बी.टेक. करून नेदरलँड्समधल्या वागेनिंगनला एम.एस्सी.ला गेला. (तिकडे त्या गावाला 'वाखनिंगन'च्या जवळपास काहीतरी म्हणतात, डच 'ग' घशातून येतो.) त्याच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप होती, आणि ती त्याला चीज किंवा दूध पावडरच्या कारखान्यात करायची होती. लिंक्डइनवर परभणीच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन Alumni मध्ये त्याने देश निवडला, तेव्हा त्याच क्षेत्रातले परभणीचे एक ज्येष्ठ सापडले. त्याने लिहिलेला पहिला मजकूर असा :

"नमस्कार सर, मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शाखेत बी.टेक. पूर्ण केले असून सध्या नेदरलँड्समध्ये एम.एस्सी. करत आहे. आपले प्रोफाइल पाहून मला अतिशय आनंद झाला. आपल्यासारख्या अनुभवी व्यक्तीशी जोडले जाणे हे माझे भाग्य समजेन. माझे शिक्षण पुढच्या वर्षी पूर्ण होत असून मला दुग्ध उद्योगात इंटर्नशिपसाठी आपले मार्गदर्शन मिळावे ही नम्र विनंती."

ही ३६७ अक्षरं झाली. दोनशेवं अक्षर 'आपल्यासारख्या' या शब्दाच्या पोटात पडतं. पैसे भरून तीनशेची चौकट घेतली असती तरी मजकूर 'मला' या शब्दाशी थांबला असता. मला काय, ते वाचणाऱ्याला कळलंच नसतं. मोबाइलवरच्या टिपणवहीत आधी लिहून इथं चिकटवण्याची सवय असेल तर विशेष सांभाळा, कारण शेपूट गळाल्याचं घाईत लक्षात येत नाही. पाठवण्याआधी शेवटचा शब्द वाचायचा आणि चौकटीखालचा आकडा बघायचा.

अक्षरं कशी मोजली जातात हेही माहीत असू द्या. आपण तोंडाने मोजतो तसं यंत्र मोजत नाही. 'कृषी' आपल्या लेखी दोन अक्षरं; यंत्राच्या लेखी क, ऋकाराची खूण, ष आणि वेलांटी अशी चार. 'विद्यापीठ' चारऐवजी नऊ भरतं, कारण जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तही मोजला जातो. मोकळी जागा आणि पूर्णविराम यांचाही हिशेब असतो. म्हणून मराठी फार महाग पडते असं मात्र नाही. तोच 'कृषी' रोमन लिपीत लिहिला तर सहा अक्षरं होतात. एसएमएसची गोष्ट वेगळी. तिथं रोमन लिपीला १६० अक्षरं मिळतात आणि देवनागरीला ७०, त्यामुळे 'मराठीत लिहिलं की जागा अर्धी होते' असा समज आपल्यात पसरला आहे. तो समज इथं लागू करू नका.

जुन्या माणसांना तारेची आठवण येईल. २०१३च्या जुलैत बंद पडेपर्यंत तारेचे पैसे शब्दावर लागत, म्हणून लोक एकाच लांब शब्दात जमेल तेवढं कोंबत. इथं हिशेब अक्षरावर आहे, त्यामुळे लांब सामासिक शब्द महाग आणि छोटे घरगुती शब्द स्वस्त. 'अन्नतंत्रज्ञान' चौदा अक्षरांचा. 'फूड टेक' मधली जागा धरून सात.

आता त्या मजकुरात काय कापायचं ते बघा. विनंतीसोबत तुमचं नाव, फोटो आणि नावाखालची ओळख आपोआप जाते. म्हणजे मी कोण, काय शिकतो, कुठं शिकतो हे समोरच्याला एक बोट लावून दिसतं. ते चिठ्ठीत परत लिहिणं म्हणजे दारात उभं राहून स्वतःचं ओळखपत्र मोठ्याने वाचणं. नावाखालची ओळ मात्र आधी नीट करून घ्या, कारण कापलेल्या मजकुराचा भार तीच उचलते. एकट्या विद्यापीठाच्या पूर्ण नावाने चाळीस अक्षरं खाल्ली होती, दोनशेतला पाचवा हिस्सा. परभणीच्या माणसाला ते नाव पूर्ण सांगावं लागत नाही. 'आनंद झाला' आणि 'भाग्य समजेन' ही वाक्यं कुणालाही पाठवता येतील अशी आहेत; ती वाचताना डोळा पुढे सरकतो. 'सर'ही गेला तरी चालतो. नुसता 'नमस्कार' परदेशातल्या मराठी माणसाला पुरेसा आदराचा वाटतो, हे जवळपास सगळ्या घरांनी सांगितलं.

उरलं मागणं. 'मार्गदर्शन मिळावे' याला आकार नाही. मार्गदर्शन म्हणजे पाच मिनिटं की पाच महिने, हे वाचणाऱ्याने ठरवायचं, आणि ज्याला ठरवावं लागतं तो बहुधा 'नंतर बघू' म्हणतो. एका गृहस्थांनी चांगली कसोटी सांगितली : ट्राममध्ये उभ्याने, एका अंगठ्याने, काहीही न शोधता उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारायचा. नोकरीची शिफारस या कसोटीला कधीच उतरत नाही. शिफारस करणारा कंपनीत स्वतःची पत गहाण ठेवतो, आणि अनोळखी माणसासाठी दोनशे अक्षरांवर कोण ठेवेल? ती गोष्ट दोन-चार वेळा बोलणं झाल्यावरची.

त्या मुलाला खरंच काय अडलं होतं, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, डच येत नाही, मग कारखान्यात घेतील का? हाच विषय झाला. मग चिठ्ठी अशी झाली :

"नमस्कार. परभणीच्या फूड टेक कॉलेजचा, आता वागेनिंगनला. चीज कारखान्यातल्या इंटर्नशिपला डच भाषा लागतेच का, एवढं तुमच्या अनुभवातून सांगाल? तुमची सुरुवातही तिथूनच झाली म्हणून विचारतो. दोन ओळी पुरेत."

ही १९२ अक्षरं. सूचनेत वरच्या दोन ओळीच दिसल्या तरी गाव आणि प्रश्न त्यात येतात. 'तुमची सुरुवातही तिथूनच' हे वाक्य फक्त त्याच माणसाला पाठवता येतं, म्हणून ते महागाचं असूनही ठेवलं. 'दोन ओळी पुरेत' हे सौजन्य नाही, माप आहे. उत्तर केवढं द्यायचं ते त्यातून कळतं. जागा अजून कमी करायची वेळ आली असती तर मी 'नमस्कार' ठेवून 'तुमच्या अनुभवातून' काढलं असतं. इथं आमच्यात एकमत झालं नाही, काहींनी नमस्काराला आधी कात्री लावली असती.

भाषेवरही मतभेद झाला. काही घरं म्हणाली की मराठी माणसालाही इंग्रजीतच लिहा, तो ऑफिसात वाचत असतो. मला हे पटत नाही, शंभर इंग्रजी विनंत्यांत देवनागरीतली एक उठून दिसते. मात्र आडनाव मराठी म्हणजे वाचता मराठी येतं असं धरू नका. तिकडेच वाढलेल्या मुलांना बोललेलं कळतं, देवनागरी वाचता येईलच असं नाही. शिक्षणाच्या रकान्यात इथली शाळा किंवा कॉलेज दिसत असेल तरच मराठीत लिहा.

पाठवताना एक ठिकाण घसरण्याचं आहे. संगणकावर Connect दाबल्यावर Add a note असा पर्याय येतो. मोबाइलवर तोच Connect दाबला की पुष्कळदा विनंती चिठ्ठीशिवाय थेट निघून जाते. आधी त्या माणसाचं पान उघडायचं, तिथं More मध्ये जाऊन Personalize invite निवडायचं. सुचवलेल्या लोकांच्या यादीतून तर कधीच पाठवू नका. चुकून कोरी विनंती गेली तर घाईने Withdraw करण्याआधी हेही लक्षात घ्या की मागे घेतल्यावर त्याच माणसाला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. इंटर्नशिपची मुदत जवळ असेल तर कोरी विनंती तशीच राहू द्यावी. ती स्वीकारली गेली की साध्या संदेशात प्रश्न विचारता येतो, आणि तिथं दोनशेची अट नसते. महिन्याच्या चिठ्ठ्या संपल्या असतील तेव्हाही हाच मार्ग उरतो.

जिंतूरच्या मुलाला चौथ्या दिवशी उत्तर आलं. प्रयोगशाळेत आणि नवीन उत्पादनांच्या विभागात इंग्रजीवर निभतं, पण यंत्रांजवळ सुरक्षेच्या सूचना डचमध्ये असतात, म्हणून उत्पादनाच्या बाजूला अर्ज करायचा तर निदान त्या वाचता यायला हव्यात, असं त्या ज्येष्ठांनी कळवलं होतं. डचमध्ये इंटर्नशिपला stage म्हणतात, शोधताना तो शब्द घाल, हेही सांगितलं होतं. आणि खाली एक प्रश्न होता : परभणीत नेमकं कुठलं गाव?