रंगांची नावे आणि माणसांची प्रतवारी

इंग्लंडचे राजकारणी व ग्रीक साहित्याचे अभ्यासक विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली होमरच्या काव्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्या काव्यात निळ्या रंगाला स्वतंत्र शब्द आढळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यावरून त्यांनी प्राचीन ग्रीकांची रंग ओळखण्याची शक्ती पुरती विकसित झालेली नसावी, असा निष्कर्ष काढला. ज्यांच्या भाषेत शब्द उणा, त्यांची दृष्टीही उणी, असा हा तर्क होता. शब्दांच्या संख्येवरून माणसांची प्रतवारी लावण्याची वाट येथून मोकळी झाली.

या तर्काला विसाव्या शतकात मोठा छेद गेला. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ साली वीस भाषांच्या भाषकांपुढे ३२९ रंगांचे तुकडे ठेवले. प्रत्येक नावाचा सर्वांत अस्सल नमुना कोणता आणि त्या नावाची हद्द कोठवर, असे त्यांनी विचारले. हद्दी भाषेगणिक बदलत. परंतु अस्सल नमुने बहुतेक ठिकाणी जवळजवळ सारखेच निघाले. यावरून मूळ रंगवर्ग अकरा असून ते सर्व मानवांचे आहेत, असे त्यांनी मांडले. मात्र भाषांत हे वर्ग ठरावीक क्रमाने येतात, असे सांगताना त्यांनी भाषांना विकासाच्या सात पायऱ्यांवर बसविले. दृष्टी सर्वांची समान ठरली, पण पायऱ्यांची उतरंड राहिलीच. शिवाय त्या वीस भाषांचे बहुतेक भाषक सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणारे, म्हणजे इंग्रजीच्या सहवासातले होते, हा आक्षेपही आला.

म्हणून परीक्षा इंग्रजीपासून दूर व्हावी लागली. न्यू गिनी बेटावरील दानी लोकांच्या भाषेत रंगांचे दोनच मूळ शब्द आहेत : काळसर व थंड छटांसाठी ‘मिली’ आणि उजळ व उबदार छटांसाठी ‘मोला’. एलिनॉर रॉश यांनी त्यांना एकेक तुकडा दाखवला व काही वेळाने तो अनेक तुकड्यांतून ओळखण्यास सांगितले. अस्सल लाल, अस्सल हिरवा असे नमुने दानींनी अधिक अचूक ओळखले, जरी त्यांना त्यांची नावे नव्हती. वाद मिटला, असे वाटले. परंतु पुढे शंका निघाली की, त्या मांडणीत हे नमुनेच इतरांहून अधिक उठून दिसत होते. मग स्मरण सोपे झाले ते रंगामुळे की मांडणीमुळे?

त्याच बेटावर, पापुआ न्यू गिनीत, बेरिन्मो लोक राहतात. डेबी रॉबर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या भाषेत पाच रंगशब्द आहेत. आपण ज्यांना हिरवा, निळा, जांभळा म्हणतो, त्यांतील बराच भाग ‘नोल’ या एकाच शब्दात येतो. पिवळा, नारिंगी व तपकिरी ‘वोर’मध्ये येतात. ही सीमा जगण्यातून आलेली दिसते. तेथे एका झाडाची पाने भाजी म्हणून खातात. ताजी पाने ‘नोल’ असतात. ठेवून पिवळी पडली की ‘वोर’ होतात आणि खाण्याजोगी राहत नाहीत.

परीक्षा अशी होती. एक तुकडा दाखवून झाकायचा आणि नंतर दोन जवळच्या तुकड्यांतून मघाचा कोणता, ते विचारायचे. दोन तुकडे ‘नोल’ आणि ‘वोर’ यांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे असले की बेरिन्मो सरस ठरत; हिरव्या-निळ्याच्या सीमेवर त्यांना असा लाभ मिळत नसे. इंग्रजी भाषकांचे नेमके उलट झाले. डोळे दोघांचे तेच. सीमा मात्र ज्याच्या-त्याच्या भाषेच्या.

तरी भाषा हवी तशी रेघ ओढते, असेही नव्हे. लिपी नसलेल्या ११० भाषांच्या पाहणीत अस्सल नमुने पुन्हा ठरावीक छटांभोवतीच गोळा झालेले आढळले. म्हणजे वर्गाचे केंद्र बहुधा सर्व मानवांच्या समान दृष्टीकडे झुकते आणि त्याची हद्द समाजाच्या गरजेप्रमाणे ठरते. आपल्या भाषेत जांभळा जांभळावरून, राखाडी राखेवरून, गुलाबी गुलाबावरून आला; ज्या वस्तूंशी आपला व्यवहार, त्यांनीच ही नावे दिली.

ग्लॅडस्टन यांची गल्लत येथे स्पष्ट होते. शब्द नसणे म्हणजे दिसत नसणे नव्हे. बेरिन्मो हिरव्या-निळ्यात कमी पडले, तसेच इंग्रजी भाषक ‘नोल’-‘वोर’मध्ये कमी पडले. परीक्षेतील सीमा कोणाच्या भाषेतून घेतली, हे आधी विचारल्याशिवाय कोण मागे आणि कोण पुढे, याचा निवाडा करता येत नाही.