वाकड्यातिकड्या रानाचे गुंठे कसे काढावेत?

लागणीची नोंद देताना पुष्कळजण सर्वांत जास्त लांबी आणि रुंदी गुणून मोकळे होतात. सिंदफणेच्या काठाला किंवा नाल्यालगत चौकोनी रान क्वचितच असते. अशा रानाचे तुकडे पाडूनच क्षेत्र काढावे. ३३ फूट × ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर.

आपण एक रान धरू. मधला आयत ३३० × १९८ फूट. १९८ फुटांच्या एका बाजूला लागून त्रिकोण, त्याचे टोक पायापासून ६६ फुटांवर. लांबीच्या बांधात नाल्याचे अर्धवर्तुळ आत शिरलेले, त्याचा व्यास ८४ फूट.

आयत : ३३० × १९८ = ६५,३४० चौ. फूट (६० गुंठे).
त्रिकोण : पाया × उंची ÷ २ = १९८ × ६६ ÷ २ = ६,५३४ (६ गुंठे). हा मिळवायचा.
अर्धवर्तुळ : २२/७ × त्रिज्या × त्रिज्या ÷ २ = २२/७ × ४२ × ४२ ÷ २ = २,७७२ (सुमारे अडीच गुंठे). हे वजा.

उरले ६९,१०२ चौ. फूट, म्हणजे ६३.४५ गुंठे. ढोबळ हिशेब ३९६ × १९८ असा केला तर ७२ गुंठे येतात. साडेआठ गुंठे कागदावरच वाढले! एकरी दहा हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या धरल्या, तर दोन हजारांवर टिपऱ्यांचे बेणे फुकट आणले जाईल.

चूक तीन ठिकाणी होते. त्रिकोणाची उंची म्हणजे तिरपा बांध नव्हे. टोकापासून पायावर काटकोनात दोरी धरावी. इथे टोक पायाच्या मध्यासमोर असेल तर तिरपा बांध ११९ फूट भरतो, आणि तोच धरला तर ६ ऐवजी जवळजवळ ११ गुंठे येतात. दुसरे, त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर उत्तर चौपट होते. तिसरे, आकार नुसता नजरेने ठरवू नये. आयताच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, तरच तो आयत. नाल्याचे वळण व्यासाच्या निम्मे, इथे ४२ फूट, आत गेले असेल तरच ते अर्धवर्तुळ धरावे.

सरावासाठी

सोपी
१. आयत १६५ × १३२ फूट. किती गुंठे?
२. त्रिकोण : पाया १३२, उंची ९९ फूट. किती गुंठे?
३. अर्धवर्तुळ : व्यास २८ फूट. किती चौ. फूट?

मध्यम
४. आयत १९८ × १६५ फूट. १६५ च्या बाजूला ६६ फूट उंचीचा त्रिकोण जोडलेला. किती गुंठे?
५. आयत २६४ × १६५ फूट. त्यातून ५६ फूट व्यासाचे अर्धवर्तुळ वजा. किती गुंठे?

अवघड
६. आयत ३३० × १३२ फूट. १३२ च्या बाजूला ३३ फूट उंचीचा त्रिकोण जोडलेला. लांबीच्या बांधातून ८४ फूट व्यासाचे अर्धवर्तुळ वजा. किती गुंठे?

उत्तरे : (१) २० गुंठे (२) ६ गुंठे (३) ३०८ चौ. फूट (४) ३५ गुंठे (५) ३८.८७ गुंठे (६) ३९.४५ गुंठे.