पत्रात तुझा ताळा दिसू दे

बाळा, तुझा अर्ज वाचला. "मी गेली १४ वर्षं अकाउंट्समध्ये आहे, आता डेटा ॲनालिसिसकडे वळू इच्छितो," ही सुरुवात आधी काढून टाक. वर्षं बायोडेटात दिसतातच. पत्र वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं की त्याच्या टेबलावरचं काम तू आजही करतोस, फक्त तुमच्याकडे त्याचं नाव वेगळं आहे.

त्यासाठी एकच काम निवड आणि तेच नीट सांग. माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात चांगलं काम म्हणजे जीएसटीआर-२बीचं रिकन्सिलिएशन. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं, आपण ते खरेदी रजिस्टरशी जुळवतो, आणि जे बिल त्यात नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती जोडायची, न जुळलेलं वेगळं काढायचं, का जुळलं नाही ते शोधायचं. ॲनालिस्ट एसक्यूएलमध्ये `LEFT JOIN` लावून हेच करतो.

पण "रिकन्सिलिएशन करतो" एवढं लिहून भागणार नाही. कसं करतोस ते दिसू दे. पत्र इंग्रजीत जाईल, तरी आधी मराठीत मांड, म्हणजे पोकळ शब्द शिरणार नाहीत. साधारण असं:

"माझ्याकडे दरमहा सुमारे १,२०० खरेदी बिलं असतात. त्यांतली २६० पहिल्या फेरीत २बीशी जुळत नसत. बहुतेकांत बिल नंबर दोन प्रकारे लिहिलेला असे: आमच्याकडे ४५, पुरवठादाराकडे ०४५/२३-२४. पॉवर क्वेरीत नंबर एकसारखे करून घेतल्यावर ७० उरली. त्यांतल्या ४५ बिलांचं रिटर्न पुरवठादारांनी भरलं नव्हतं; उरलेल्या २५ मध्ये जीएसटीआयएन किंवा रक्कम चुकली होती. ही यादी कारणांसह खरेदी विभागाला दिली आणि त्या ४५ बिलांच्या पुरवठादारांचं पेमेंट रिटर्न भरेपर्यंत थांबवलं."

हे आकडे मी नमुन्याला घातलेत, तू तुझे घाल. मुलाखतीत कागदावर मांडून दाखवता येतील तेवढेच. शेवटचं वाक्य मात्र सोडू नकोस. तुझ्या यादीवरून कुणीतरी निर्णय घेतला, हे त्यातूनच कळतं. नुसती यादी बनवणारे पुष्कळ असतात.

आता तुझी खरी ताकद सांगतो, कारण ती तुझ्या पत्रात कुठेच नव्हती. समज, एखाद्याने दोन्ही तक्ते फक्त जीएसटीआयएनवर जोडले. एका पुरवठादाराची इकडे पाच बिलं, तिकडे पाच बिलं. जोडल्यावर पाचाच्या पंचवीस ओळी होतात आणि कराची बेरीज पाचपट फुगते. स्क्रीनवर कुठलीही एरर येत नाही. नवशिका तोच आकडा चार्टमध्ये घालून मोकळा होतो. तू तसं करणार नाहीस, कारण ताळा घेतल्याशिवाय तुझा हात पुढे सरकत नाही: जोडण्याआधीच्या ओळी किती, नंतरच्या किती, आणि बेरीज लेजरशी जुळते का. म्हणून पत्रात लिही, "प्रत्येक जोडणीनंतर मी ओळींची संख्या आणि एकूण रक्कम मूळ हिशेबाशी ताडून पाहतो." कामाची जाण असलेला माणूस या वाक्यावर थांबतो. "बारकाईने काम करतो" असं सगळेच लिहितात.

जे येत नाही तेही एका ओळीत सांगून टाक. एक्सेल आणि पॉवर क्वेरी रोजच्या वापरातलं, एसक्यूएल शिकून झालंय, पायथॉन सुरू आहे, असं सरळ. ताळेबंद वाचता येतो म्हणून सांख्यिकी येते असं होत नाही. सॅम्पलिंग किंवा रिग्रेशन शिकला नसशील तर त्यांची नावं घालू नकोस, पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं. सर्टिफिकेटांची यादी बायोडेटातच राहू दे.

आणखी एक, यात हयगय नको. सध्याच्या कंपनीची फाइल नमुना म्हणून जोडायची नाही, पुरवठादारांची नावं खोडूनसुद्धा नाही. खोटी बिलं बनवून तोच प्रकार नव्याने उभा कर आणि त्याची लिंक दे. दुसऱ्याचा हिशेब बाहेर नेणाऱ्यावर कोणी डेटा सोपवत नाही.

अर्ज करायचाच तर आधी फायनान्स ॲनालिटिक्स, रेव्हेन्यू ॲश्युरन्स, ऑडिट ॲनालिटिक्स अशा जागांकडे बघ. तिथे डेबिट-क्रेडिट कळणारा माणूस लागतोच. पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस. नवा मसुदा झाला की पाठव, पण त्याआधी त्यातला प्रत्येक आकडा स्वतः एकदा ताडून घे.